जिनिंगच्या ऑफिसातला कीबोर्ड: काय करावे, काय टाळावे

वर्धा जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कापसाच्या गाड्या सुरू होतात आणि मार्चपर्यंत जिनिंग चालू राहते. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, कुठल्याही जिनिंगच्या वजनकाट्यावर जा, टेबलावरचा काळा कीबोर्ड डिसेंबरपर्यंत करडा झालेला असतो. बटणांच्या फटीतून पांढरे तंतू बाहेर आलेले दिसतात. कोणीतरी ब्लोअर आणतो, दणदणीत हवा मारतो, वरचे दोन-चार पुंजके उडतात आणि दुसऱ्या दिवशी बटण आणखी जड चालते.

चूक ब्लोअरची नाही, क्रमाची आहे. धूळ हवेने उडते. रुईचा तंतू उडत नाही, तो हवेच्या जोराने आणखी आत जातो आणि बटणाच्या दांड्याला गुंडाळून बसतो. चहाच्या साखरेवर तर हवेचा काहीच परिणाम नाही. म्हणून तंतू ओढून काढायचा, धूळ फुंकायची, चिकटा पुसायचा. याच क्रमाने. पुढचे सगळे करा-टाळा या एका गोष्टीभोवती आहे.

उदाहरणाला काट्यावरचाच कीबोर्ड घेऊ: साधा, वायरचा, मेम्ब्रेन जातीचा, चार-पाचशे रुपयांचा. वजन इंडिकेटरवरून केबलने थेट संगणकात येते, पण गाडीचा नंबर, शेतकऱ्याचे नाव आणि भाव हातानेच टाकावे लागतात. जिल्ह्यातल्या बहुतेक गाड्या MH 32 च्या, त्यामुळे दिवसभर सगळ्यात जास्त मार खातात ते 3 आणि 2. यातला 3 दाबला की खाली राहतो आणि पावतीवर MH 332 छापून येते. काटा चालवणारे भाऊ चहा टेबलावरच घेतात, आणि विदर्भातले ऑफिस म्हटल्यावर खर्र्याची पुडीही जवळपास असतेच.

हात लावण्याआधी

करा: दोष कुठला आहे ते बोटाने ओळखा. बटण दाबताना मऊ, गादीसारखे लागते आणि सावकाश वर येते, तर खाली तंतू साठले आहेत. दाबल्यावर चिकटून राहते आणि मग सुटल्यासारखे वर येते, तर खाली साखर आहे. बटण छान वर-खाली होते पण अक्षरच उमटत नाही, तर तो साफसफाईचा विषय नसण्याचीच शक्यता जास्त. त्यावर शेवटी बोलू.

करा: कीबोर्डचा समोरून एक स्पष्ट फोटो काढून ठेवा. 104 बटणांची जागा तोंडपाठ आहे असे सगळ्यांनाच वाटते. न्यूमपॅडच्या कडेची उणे-अधिक आणि वरच्या ओळीतले Scroll Lock, Pause हातात आले की खात्री डळमळते.

करा: यूएसबीची वायर काढा. वायरलेस असेल तर सेल काढा. काट्यांवर अजून जुने संगणक आहेत, त्यांना मागे जांभळ्या रंगाच्या गोल पिनेत कीबोर्ड लागतो. तिथे आधी संगणक बंद करा आणि मगच पिन काढा. ही जोडणी चालू संगणकावर काढण्या-घालण्यासाठी बनवलेलीच नाही.

टाळा: जिनिंग चालू असताना, खिडकी उघडी ठेवून, पंख्याखाली साफ करू नका. कॅप काढलेला कीबोर्ड ही उडत्या रुईसाठी उघडी जागाच. दुपारी गाड्या थांबल्या की पंखा, कूलर बंद करून बसा.

तंतू: आधी ओढा

करा: कॅप जागेवर असतानाच कीबोर्ड वर्तमानपत्रावर उलटा धरा आणि पाठीवर तळहाताने हलके थोपटा. सरकीचे कण, खर्र्यातल्या सुपारीचे तुकडे, स्टेपलरच्या पिना, जे सुटे आहे ते पडेल. धातूची पिन दिसली तर ती आधी बाजूला करा. ती आत राहिली तर बटण दाबताना रबर फाडते.

करा: मग एक इंची, मऊ, कोरा रंगाचा ब्रश घ्या आणि ओळीच्या दिशेने, एकाच बाजूला ओढत न्या. पुढे-मागे घासल्याने तंतूंची वळी होते आणि ती फटीत अडकते. एका टोकाला पुंजका जमला की चिमट्याने उचला. उरलेल्यासाठी कागद चिकटवायची मास्किंग टेप बोटाला उलटी गुंडाळून फटीवर टेकवा आणि उचला. टेकवा, घासू नका.

करा: छोट्या तोंडाचा व्हॅक्यूम मिळत असेल तर तो इथे ब्लोअरपेक्षा कितीतरी बरा, कारण तो ओढतो. पण कॅप जागेवर असतानाच. कॅप काढल्यावर व्हॅक्यूमच्या नळीत सुटे भाग गेले की पिशवी चिवडत बसावे लागते.

टाळा: नायलॉनच्या किंवा टेरिकॉटच्या कापडाने कोरडेच घासू नका. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर वीज चढते आणि ज्यांना हाकलायचे तेच तंतू पुन्हा येऊन चिकटतात.

टाळा: टर्किशचा टॉवेल, नवा रुमाल, कापसाचा बोळा. कापसाच्या जिल्ह्यात हे सांगताना थोडे हसू येते, पण हे सगळे स्वतःच तंतू सोडतात. मायक्रोफायबरचे कापड घ्या. ते नसेल तर बरेचदा धुतलेले जुने, गुळगुळीत सुती कापड चालेल.

कॅप काढताना

करा: पहिला प्रयोग Scroll Lock किंवा Pause वर करा. तुटलेच तर कोणाचे अडणार नाही. मेम्ब्रेन कीबोर्डांत कॅपच्या पोटाला दांडा असतो, तो खालच्या नळीत घुसतो आणि काहींमध्ये बारीक आकड्यांनी अडकतो. तो सरळ वर ओढल्यावर थोड्या जोराने ‘टक्’ करून निघाला, तर बाकीचेही निघतील. आकडा मुडपतोय किंवा पांढरा पडतोय असे दिसले तर तिथेच थांबा. त्या कीबोर्डाचे कॅप काढायचे नाहीत, ब्रश आणि कानाच्या काडीवरच भागवायचे.

करा: दोन बाजूंनी सारखा जोर लावा. तारेचा कॅप-पुलर असेल तर उत्तम. नसेल तर दोन जेमक्लिपा सरळ करून टोकाला छोटा आकडा वळवा, कॅपच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांखाली घाला आणि सरळ वर ओढा.

टाळा: एका बाजूने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणे. दांडा तिरपा होऊन तुटतो, आणि तुटलेला तुकडा नळीतच राहतो.

टाळा: स्पेसबार, एंटर, शिफ्ट आणि न्यूमपॅडचा 0 गरज नसताना काढणे. या लांब बटणांखाली एक वाकवलेली पोलादी तार असते. बटण एका टोकाला दाबले तरी ते सरळ खाली जावे हे काम ती करते. ती दोन छोट्या खाचांत अडकवलेली असते आणि परत बसवताना नेमकी तीच छळते. आमच्या उदाहरणात एंटर ठीक चालतो, तर त्याला हात लावायचा नाही. काढावाच लागला तर आधी तारेचा फोटो घ्या. मेकॅनिकल कीबोर्डात तारेवर ग्रीस लावलेले असते, ते पुसून टाकू नका. नाहीतर बटण खडखडू लागते.

टाळा: सगळेच कॅप काढण्याचा हट्ट. दोष न्यूमपॅडच्या 3 ला आहे, तर तो आणि त्याच्या भोवतालचे आठ-दहा काढले तरी पुरे. सगळे काढण्याची वेळ वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर.

कॅप धुताना

करा: प्लास्टिकच्या मगात कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि कॅप वीस-तीस मिनिटे बुडवून ठेवा. बोटांचे तेल आणि केसांचे तेल साबणाने सुटते. मग मऊ टूथब्रशने कडा घासा. चहाच्या गाळणीत धरून धुवा, म्हणजे एखादा कॅप मोरीत जाणार नाही. बोअरचे पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग दिसतात; शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा मारा.

करा: पोकळ बाजू खाली करून कापडावर रात्रभर ठेवा. सकाळी एकेक उचलून झटका. दांड्याच्या पोकळीत एक थेंब लपलेला असतो, आणि तोच नंतर खाली उतरतो.

टाळा: उकळते पाणी, आणि लवकर वाळावे म्हणून टिनावर किंवा गच्चीवर ठेवणे. एप्रिल-मेमध्ये वर्ध्याला पारा पंचेचाळीसवर जातो आणि तापलेला टिन हवेपेक्षाही कितीतरी गरम असतो. काळा पातळ कॅप तिथे वाकडा होण्याचा धोका आहे. पांढरा असेल तर उन्हाने पिवळा पडतो, आणि तो पिवळेपणा पुन्हा धुतला जात नाही.

टाळा: नेलपॉलिश काढायचे द्रव, थिनर, पेट्रोल. बहुतेक कॅप एबीएस प्लास्टिकचे असतात आणि ॲसिटोन ते सरळ विरघळवते. कॅप चकाकतो, चिकट होतो, अक्षर पुसट होते.

हवा: नंतर, आणि थोडी

तंतू निघाले, कॅप बाजूला आहेत, आता खाली उरली ती बारीक धूळ. इथे हवेची पाळी येते.

करा: कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो तो रबरी फुगा बहुतेक वेळा पुरतो. कीबोर्ड एका कडेवर उभा धरा, फुगा तिरका ठेवा आणि वरून खाली फुंकत या, म्हणजे धूळ बाहेर पडेल. कीबोर्ड सपाट ठेवून वरून सरळ हवा मारली तर ती रबराच्या चादरीखाली घुसते.

करा: डब्यातला एअर डस्टर वापरणार असाल तर डबा उभाच ठेवा, कीबोर्ड तिरका करा. एक-दोन सेकंदांचे छोटे फवारे, मध्ये विश्रांती. डब्यात हवा नसते, दाबाने द्रव झालेला वायू असतो. डबा आडवा किंवा उलटा झाला की तो द्रवच बाहेर येतो. प्लास्टिकवर पांढरे दव धरते, बोटाला लागला तर कातडी गारठून जळते.

टाळा: लेबल न वाचता तो डबा जिनिंगच्या आवारात उघडणे. अनेक डस्टरांत डायफ्लुओरोइथेन नावाचा वायू असतो आणि तो पेट घेतो. बाजूला रुईचा ढीग, कोणाच्या तरी हातात बिडी, आणि जिनिंगला आग कशी लागते हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. टेट्राफ्लुओरोइथेनचा डबा सहसा पेटत नाही, पण ऑफिसचे दार बंद करून फवारणे कुठल्याही डब्याने करू नका. डबा उन्हातल्या गाडीतही ठेवू नका. अशा डब्यांवर 50 अंशांच्या वर नेऊ नका असे लिहिलेले असते, आणि मे महिन्यात बंद गाडी तो आकडा सहज ओलांडते.

टाळा: कारखान्याचा कॉम्प्रेसर किंवा पंक्चरवाल्याची नळी थेट लावणे. त्या हवेत टाकीत साठलेले पाणी आणि पंपाचे तेल असते, आणि दाब टायरसाठीचा. बटणे तर उडतातच, शिवाय तेलाचा सूक्ष्म थर बसतो, त्यावर पुढची रुई दुपटीने चिकटते. दुसरा काही उपायच नसेल तर आधी टाकीचे पाणी सोडा, नळीची हवा पांढऱ्या कागदावर मारून डाग पडतो का बघा, दाब अगदी कमी करा आणि हातभर अंतरावरून फुंका.

टाळा: तोंडाने फुंकणे. थुंकीचा ओलावा जातो, आणि तोंडात खर्रा असेल तर आणखीही काही जाते.

चिकटा: काय कशाने सुटते

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. लोक एकच बाटली घेऊन सगळ्यावर फिरवतात. चिकट दिसते ते सगळे एक नसते.

साखर पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये जवळपास नाही. चहाच्या डागावर कितीही आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, घासले तरी साखर तिथल्या तिथे फिरत राहते. तेल उलटे: पाण्याने हलत नाही, आयपीएने किंवा साबणाने सुटते. आणि खर्र्यातला चुना ओला केला की लेप होऊन पसरतो.

करा: म्हणून आमच्या 3 च्या खाली असे करा. आधी कोरड्या ब्रशने चुना, तंबाखू, सुपारीची भुकटी झाडून घ्या. मग कानाची काडी साध्या पाण्यात बुडवून, बोटांत घट्ट पिळून, नळीच्या कडेने आणि आतून फिरवा. काडी तपकिरी झाली की दुसरी घ्या. पाणी टपकता कामा नये. काडी कागदावर टेकवली तर नुसता डाग पडावा, थेंब नाही. काडी स्वच्छ येऊ लागली की आयपीएत ओलावलेल्या नव्या काडीने तीच जागा पुसा. याने उरलेले तेल जाते आणि पाण्याचा अंशही लवकर उडतो. पंधरा-वीस मिनिटे उघडे ठेवा. मग कॅप न लावताच बोटाने रबर दाबून पहा. चटकन वर आले तर काम झाले.

करा: आयपीए इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागा. तिथे जवळपास शुद्ध मिळते, तेच चांगले, कारण त्यात पाणी कमी आणि ते लवकर उडते. वरवर पुसायला मेडिकलमधले इंजेक्शनआधीचे छोटे स्वॅब सोयीचे पडतात. ते साधारण 70 टक्क्यांचे असतात, एकेक पाकिटात येतात आणि काट्यावरच्या खणात राहतात. ॲपलनेही आपल्या कीबोर्डांसाठी 70 टक्के आयपीएची पुसणी चालते, ब्लीच नको, असेच सांगितले आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात अल्कोहोलची बाटली ऑफिसात कशाला, असे कोणी विचारले तर सांगा, हे प्यायचे नाही, विष आहे. बाटलीवर तसे मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवा.

करा: आयपीएही पेटते. रुईपासून लांब, दार उघडून वापरा, आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच वायर जोडा.

टाळा: हँड सॅनिटायझर. त्यात ग्लिसरीन असते, हात मऊ राहावेत म्हणून. कीबोर्डवर तेच चिकट थर बनून राहते. बाळाच्या ओल्या पुसण्यांतही लोशन असते, त्यांचीही तीच गत. मेडिकलच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कधीकधी एरंडेल असते, लेबल पाहून घ्या.

टाळा: ब्लीचच्या पुसण्या, फिनाईल, आणि काच पुसायचा स्प्रे थेट कीबोर्डवर मारणे. कुठलेही द्रव आधी कापडावर, मग कापड कीबोर्डवर.

टाळा: अडकलेल्या बटणात गंज काढायच्या तेलाचा फवारा. दोन दिवस बटण झकास चालते. तिसऱ्या दिवसापासून त्या तेलावर तंतू जमू लागतात.

मराठी स्टिकर असतील तर

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणि सेवा केंद्रांत इंग्रजी कीबोर्डवर रेमिंग्टनच्या अक्षरांचे स्टिकर लावलेले असतात. उन्हाळ्यात त्यांचा गोंद कडेने पाझरतो आणि लोकांना वाटते बटण मळले.

करा: स्टिकर ठेवायचा असेल तर फक्त किंचित ओल्या कापडाने वरून पुसा. बदलायचा असेल तर कॅप काढून स्टिकर सोला, उरलेल्या गोंदाला खोबरेल लावून दहा मिनिटे ठेवा, बोटाने चोळून काढा आणि मग साबणाने नीट धुवा. खोबरेल फक्त काढलेल्या कॅपवर, जागेवरच्या बटणावर कधीच नाही.

टाळा: स्टिकरवर किंवा वरून छापलेल्या अक्षरांवर आयपीए चोळणे. स्वस्त कीबोर्डची शाई उतरते. आधी एखाद्या फारशा न लागणाऱ्या बटणाच्या कोपऱ्यावर काडी फिरवून पहा, काडीला रंग आला तर साबणपाण्यावर या.

परत लावून तपासताना

करा: फोटो समोर ठेवा. कॅप सरळ दाबा, ‘टक्’ ऐका. F आणि J वर उंचवटा असतो, ते नेमक्या जागी गेले का बोटाने बघा. इनस्क्रिप्टवर टाईप करणाऱ्यांची पहिली वेलांटी आणि र याच दोन खुणांवर बसतात.

करा: वायर जोडून नोटपॅड उघडा, प्रत्येक बटण एकदा दाबा. एखादे बटण आपोआप दाबले जात असेल तर विंडोजचा पडद्यावरचा कीबोर्ड ते चटकन दाखवतो. विंडोज आणि R दाबून चौकटीत हे टाका:

```
osk
```

दाबलेले बटण तिथे उजळते, सोडल्यावर विझायला हवे. मग MH 32 दहा वेळा टाका. एकदाही 332 आले नाही तर पावत्या सुरू करा.

चहा सांडला तर

करा: तत्क्षणी वायर काढा, कीबोर्ड उलटा करा, तसाच ठेवा. निदान एक पूर्ण दिवस.

टाळा: झटकणे. द्रव कोरड्या भागात जाते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

मेम्ब्रेन कीबोर्डात रबराखाली तीन पातळ प्लास्टिकच्या चादरी असतात, वरच्या आणि खालच्या चादरीवर वीज वाहणाऱ्या रेषा छापलेल्या, मधलीला भोके. चहा या चादरींच्या मध्ये गेला तर वरून कितीही पुसा, काही होत नाही. मागचे स्क्रू काढून (एखादा लेबलखाली लपलेला असतो) चादरी वेगळ्या करून पाण्याने ओल्या मऊ कापडाने हलक्या हाताने टिपता येतात. पण छापलेली रेष खरवडली की ती ओळ कायमची गेली.

ओळखायचे असे: सांडल्यानंतर किंवा साफसफाईनंतर एकच बटण अडते तर ते पुन्हा उघडून पुसा. पण इकडचे एक, तिकडची दोन, एकमेकांशी संबंध नसलेली तीन-चार बटणे एकदम मुकी झाली, तर त्यांना जोडणारी एक रेष तुटली आहे. त्यात आणखी संध्याकाळ घालवू नका. काट्यावर गाड्यांची रांग असते, नवा कीबोर्ड आणा, आणि जुन्यातले 3, 2 आणि एंटरचे कॅप काढून ठेवा. नवा त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा असेल तर ते पुढच्या हंगामात कामी येतात.

किती वेळा

हंगामात आठवड्याला उलटे करून ब्रश, महिन्याला टेप आणि फुगा, एप्रिलमध्ये एकदा पूर्ण कॅप काढून. रात्री ऑफिस बंद करताना कीबोर्डवर रेक्झिनचे किंवा प्लास्टिकचे झाकण टाका, टॉवेल नको. पावसाळ्यात जिनिंग बंद असते, तेव्हा वायर काढून, झाकून कपाटात ठेवा. टेबलावर ठेवलात तर झाकणाखाली मुंग्या साखर शोधत येतात.